यील्ड 22 टक्के, आणि खात्यात मात्र 841

मी लोकांना एक्सेलची शीट बांधून देतो. बहुतेक कामं स्टॉक, पगार, भाडेवसुली अशी. या गृहस्थांना मात्र क्रीडा-बेटिंगची नोंदवही हवी होती. जुनी शीट होतीच त्यांच्याकडे. 310 बेट नीट तारखेनिशी उतरवलेल्या, आणि वर ठळक हिरव्या अक्षरात लिहिलेलं : यील्ड 22 टक्के. "दिसायला जरा चांगली करून द्या, आकडे बरोबर आहेत," असं त्यांनी पहिल्यांदाच सांगून टाकलं.

मी खात्यातली शिल्लक विचारली. ते म्हणाले, 841 युनिट. सुरुवातीला 500 टाकले होते, मधे एकदा आणखी 300. काढले काहीच नाहीत. म्हणजे 800 चे 841. प्रत्येक बेटवर 22 टक्के सुटत असते, तर 310 बेटनंतर शिल्लक एवढीशी राहिलीच नसती. त्यामुळे दिसण्याचं काम बाजूला ठेवलं आणि हिशेब पहिल्या ओळीपासून मांडायला घेतला.

रकाने मोजकेच ठेवले : तारीख, सामना, बेटचा प्रकार, D मध्ये दशांशातले ऑड्स, E मध्ये स्टेक म्हणजे बेटवर लावलेली रक्कम, F मध्ये निकाल, G मध्ये परत आलेली रक्कम, H मध्ये नफा-तोटा. निकाल हाताने टाइप करायची सोय ठेवली नाही, ड्रॉपडाउनमधून निवडायचा. जिंकली `W`, हरली `L`, रद्द `V`. एशियन हँडिकॅपमध्ये अर्धी बेट जिंकून अर्धी परत मिळते, किंवा अर्धी हरून अर्धी परत मिळते; त्यासाठी `HW` आणि `HL`. निकाल लागायचा असेल तर खाना रिकामा.

```
G2: =IF(F2="","",SWITCH(F2,"W",D2*E2,"L",0,"V",E2,"HW",E2/2*D2+E2/2,"HL",E2/2))
H2: =IF(G2="","",G2-E2)
```

जुन्या शीटमध्ये काही ऑड्स अपूर्णांकात होते, आणि तिथे एक गंमत सापडली. 5/2 असं टाइप केलं की एक्सेल त्याची तारीख करतं, आणि ती तारीख आत चाळीस हजारांच्या वरचा एक आकडा असते. हे निदान डोळ्यांत खुपतं. `=6/4` असं लिहिलं की 1.5 येतं आणि कुणाला शंकाही येत नाही. खरे दशांश ऑड्स 2.50, कारण अपूर्णांकात फक्त नफा असतो, स्टेक धरलेला नसतो. असे सगळे मी एक मिळवून बदलून घेतले आणि D मध्ये 1 पेक्षा कमी किंवा 100 पेक्षा जास्त आकडा शिरणार नाही अशी अट घातली. (1.5 त्या अटीतूनही सुटतो. त्यासाठी माणसाने दशांशच लिहायचे, दुसरा उपाय नाही.)

मग शिल्लक जुळवायला घेतली. नियम सरळ आहे : जमा, वजा काढलेले, अधिक निकाल लागलेल्या बेटचा नफा, वजा अजून अडकलेला स्टेक. याचं उत्तर खात्यातल्या शिल्लकेएवढं यायला हवं. आम्हाला 791 आलं. खात्यात 841. फरक नेमका 50 चा.

फरक असा गोल आला की मला बरं वाटतं. तो बहुधा एकाच ओळीत असतो. 50 स्टेकच्या ओळी गाळून काढल्या आणि त्यांच्या सोबत एकेक तपासली. एक सामना मधेच थांबवलेला निघाला. बेट रद्द होऊन पैसे परत आले होते, पण वहीत 'हरली' अशी नोंद. `L` चं `V` केलं, आणि नफा 31 वरून 81 वर गेला. 800 अधिक 81, वजा अडकलेले 40. बरोबर 841.

आता यील्ड. म्हणजे निकाल लागलेल्या बेटवर लावलेल्या एकूण रकमेपैकी किती टक्के नफा उरला. रद्द बेटचा स्टेक मी त्या रकमेत धरत नाही, कारण ते पैसे धोक्यात गेलेच नाहीत. काही जण धरतात. काहीही करा, पण दरवेळी तेच करा.

```
=SUM(H2:H5000)/SUMIFS(E2:E5000,F2:F5000,"<>",F2:F5000,"<>V")
```

एकूण लावलेले 6,480, नफा 81. यील्ड 1.25 टक्के.

"मग माझे 22 कुठे गेले?" त्यांनी जुना फॉर्म्युला उघडला. प्रत्येक बेटची टक्केवारी काढून त्या टक्केवाऱ्यांची सरासरी घेतली होती. मी एका कोऱ्या पानावर वीस बेट मांडल्या. दहा बेट 6.00 ऑड्सच्या, 10 स्टेकच्या, त्यातल्या तीन जिंकल्या : 100 लावले, 180 आले, नफा 80. दुसऱ्या दहा 1.50 ऑड्सच्या, 100 स्टेकच्या, सहा जिंकल्या : 1,000 लावले, 900 आले, तोटा 100. एकूण 20 चा तोटा, 1,100 वर उणे 1.8 टक्के. त्यांच्या पद्धतीने? अधिक 35 टक्के. लांबच्या ऑड्सवर 10 युनिट लावून मिळालेले 500 टक्के आणि 100 युनिट गमावल्याचे उणे 100 टक्के, दोन्ही एकाच वजनाने मोजले गेले होते. त्यांची वही हुबेहूब याच वळणाची. खात्रीच्या वाटणाऱ्या बेटवर मोठा स्टेक, गमतीच्या बेटवर छोटा.

थोडा वेळ त्यांनी पान खालीवर केलं. मग आरओआयवर आले. "500 वर 81, म्हणजे 16 टक्के तरी आहे ना?" मी म्हटलं, नंतरचे 300 पण तुमचेच होते. 800 वर धरलं तर 10.1. यील्डचा छेद फिरवलेला पैसा, आरओआयचा छेद खिशातून घातलेला पैसा. तेच 800 पुन्हा पुन्हा फिरून 6,480 झाले, म्हणून एकाच नफ्याची दोन टक्केवारी इतकी वेगळी. जमा-काढण्याचं पान मी वेगळं केलं आणि आरओआयचा छेद तिथूनच उचलला, म्हणजे नवी भर पडली की तो आपोआप वाढेल.

सगळ्यात जड गेला तो पुढचा खाना : नुसत्या नशिबाने यील्ड किती वरखाली होऊ शकतं. 2.00 च्या आसपासचे ऑड्स आणि सारखा स्टेक धरला, तर एका बेटच्या निकालाचं प्रमाण विचलन साधारण एक स्टेक येतं. 310 च्या वर्गमुळाने, म्हणजे 17.6 ने भागलं की 5.7 टक्के. त्याची दुप्पट धरली, तर ढोबळपणे दोन्हीकडे अकरा टक्क्यांची फारकत. खरं यील्ड 1.25 भोवतीच्या त्या पट्ट्यात कुठेही असू शकतं, शून्याच्या खाली सुद्धा. ही फारकत दोन टक्क्यांवर आणायची तर याच हिशेबाने दहा हजार बेट लागतात. 6.00 च्या ऑड्सवर प्रमाण विचलन सव्वादोन स्टेकच्या आसपास असतं, त्यामुळे तिथे याच्या पाचपट.

"मग मला कळणार कधी?" त्यांनी विचारलं.

म्हणून I रकाना घातला : सामना सुरू होताना असलेले बंद ऑड्स. शेजारी `=IF(I2="","",D2/I2-1)`. तुम्ही 2.10 घेतले आणि बंद होताना 2.00 राहिले, तर 5 टक्के. हा आकडा निकालाच्या नशिबावर हलत नाही, त्यामुळे काहीशे बेटमध्येच त्याला आकार येतो. मर्यादा एकच सांगितली. बंद ऑड्समध्येही बुकीचं मार्जिन असतं, त्यामुळे नुसतं शून्याच्या वर असून भागत नाही, त्या मार्जिनच्याही वर जावं लागतं. जुन्या 310 ओळींसाठी हे ऑड्स त्यांच्याकडे नव्हते. तो रकाना तिथे रिकामाच ठेवला, आणि वरच्या हिरव्या चौकटीत 1.25 च्या शेजारी '± 11' लिहिलं. ते खोडून द्या असं त्यांनी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा नाही.