शेजारच्या बेटावर अजून कालचीच तारीख

आज नाताळ, पण सगळीकडे एकदम नाही. सामोआच्या आपियात २५ डिसेंबरचे सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा जेमतेम सव्वाशे किलोमीटरवरच्या अमेरिकन सामोआतही नऊच वाजलेले असतात, तारीख मात्र २४. मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते: सामोआ जागतिक वेळेच्या १३ तास पुढे, अमेरिकन सामोआ ११ तास मागे. एकीकडचा नाताळ मध्यरात्री संपतो, त्याच क्षणी दुसरीकडचा सुरू होतो!

गफलत होते ती बुकिंगमध्ये. घड्याळाचे काटे हलवावे लागत नाहीत, म्हणून तारीख लक्षातच येत नाही. आपियाहून २५ ला सकाळी निघालेलं विमान तिकडे २४ ला उतरतं, तेव्हा हॉटेल २४ पासूनच घ्यावं. परतताना उलट एक तारीख गळते.

२०११ पर्यंत दोन्हीकडे एकच तारीख असे. सामोआचा व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी, म्हणून त्यांनी ३० डिसेंबरचा शुक्रवारच वगळला.