ढगाच्या खुणेचे तीन फोटो

गेल्या आठवड्यात बैठकीनंतर फळ्यावरच्या आकृत्यांचे पाच फोटो मला सहकाऱ्यांना चॅटमध्ये पाठवायचे होते. फोटो मोबाइलवरून आपोआप क्लाउडवर गेले होते आणि माझ्या विंडोज लॅपटॉपवरच्या क्लाउडच्या फोल्डरमध्ये पाचही छोट्या चित्रांच्या रूपात स्पष्ट दिसत होते. मी पाचही एकदम निवडले आणि ओढून चॅटच्या खिडकीत सोडले. दोन लगेच गेले; उरलेल्या तिघांच्या जागी क्षणभर रिकामी चौकट दिसली आणि फाइल अपलोड होऊ शकली नाही असा संदेश आला. पुन्हा ओढले, तरी तेच तीन अडले.

फोटो डोळ्यांसमोर दिसत असताना तो जात का नाही, हे मला उमगत नव्हते. मग एका अडलेल्या फोटोवर राइट क्लिक करून Properties उघडले आणि सगळा उलगडा झाला. Size समोर 4.8 एमबी होते, पण Size on disk समोर होते 0 bytes. म्हणजे फोल्डरमध्ये होती ती फक्त फाइलची नोंद: तिचे नाव, तारीख, आकार आणि ओळखीपुरते छोटे चित्र. मूळ फोटो क्लाउडवरच होता. नंतर लक्षात आले की या तिन्ही फोटोंच्या Status रकान्यात ढगाची खूण होती, तर गेलेल्या दोघांसमोर हिरवी टिकमार्क होती, कारण ते दोन मी सकाळीच उघडून पाहिले होते आणि उघडताना ते लॅपटॉपवर उतरले होते.

इथे ओढून सोडणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेतले पाहिजे. फोल्डरमधून फोटो ओढला की चॅटच्या हाती चित्र पडत नाही. पडतो तो फाइलचा पत्ता, म्हणजे ती डिस्कवर कुठे आहे याचा मार्ग. त्या मार्गाने जाऊन चॅट फाइल वाचू लागते, तेव्हा फाइल ऑनलाइनच असल्याचे विंडोजच्या ध्यानात येते. विंडोज ते वाचन थांबवून धरते, सिंक करणाऱ्या ॲपकडे मजकूर मागते आणि तो उतरल्यावर वाचन पुढे सुरू होते. सगळे सुरळीत असेल तर थोडा उशीर होतो, एवढेच. परंतु नेट संथ असेल आणि चॅटने तितकी वाट पाहिली नाही तर अपलोड फसते. अशा वेळी पहिल्या प्रयत्नात सुरू झालेले डाउनलोड मागे पुरे होते आणि दुसऱ्या प्रयत्नात तोच फोटो निमूट जातो, त्यामुळे कारण न कळताच माणूस पुढे सरकतो.

माझ्या बाबतीत मात्र दुसरा प्रयत्नही फसला होता, म्हणून केवळ नेटला दोष देणे मला पटेना. चॅट बाजूला ठेवून त्याच फोटोची प्रत डेस्कटॉपवर करून पाहिली. ही तपासणी मला फार मोलाची वाटते, कारण चॅट नेमके कारण सांगत नाही, विंडोज सांगते. प्रत होईना आणि समोर आला 0x8007016A हा क्रमांक, ज्याचा अर्थ क्लाउडची फाइल आणून देणारे ॲप चालू नाही. खाली घड्याळाजवळ पाहिले, तर त्या ॲपचे चिन्हच नव्हते. लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यानंतर ते ॲप आपोआप सुरू झालेले नव्हते.

मी ॲप सुरू केले, ते जोडले जाईपर्यंत थांबले, तिन्ही फोटो निवडले आणि राइट क्लिक करून Always keep on this device हा पर्याय घेतला. थोड्या वेळाने ढगाच्या जागी भरीव हिरव्या वर्तुळातली पांढरी टिकमार्क आली. घाई न करता Properties पुन्हा पाहिले, Size on disk आता शून्य नव्हते, आणि मगच फोटो ओढले. तिन्ही एका दमात गेले. एकच फोटो पाठवायचा असता, तर तो डबल क्लिक करून पूर्ण उघडेपर्यंत थांबणेही पुरले असते.

नंतर जागा मोकळी करायची म्हणून मी Free up space वापरले. फोटो पुन्हा ढगाच्या खुणेत गेले, पण क्लाउडवर जसेच्या तसे राहिले. या ठिकाणी चुकूनही Delete दाबू नये, कारण त्या फोल्डरमधून काढलेली फाइल क्लाउडवरूनही आणि जोडलेल्या इतर उपकरणांवरूनही जाते. चॅटमध्ये गेलेल्या फोटोंवर मात्र Free up space चा काहीच परिणाम होत नाही, कारण ती प्रत एव्हाना चॅटच्या सर्व्हरवर वेगळी पोहोचलेली असते.