तुम्ही विचारलंत म्हणून: print ला कंस लावला की झालं का?

"सर, पुस्तक पायथन २ चं आहे, पण print ला कंस लावले की सगळे प्रोग्राम चालतात ना?"

बरेचसे चालतात. म्हणूनच मला भीती वाटते.

print ची चूक लपत नाही. कंस नसेल तर पायथन ३ मध्ये प्रोग्राम सुरूच होत नाही, `SyntaxError` येतो आणि नव्या व्हर्जनमध्ये तर कंस राहिलाय हेही तोच सांगतो. भागाकाराचं तसं नाही. पायथन २ मध्ये 7/2 म्हणजे 3 यायचे, आता 3.5 येतात, आणि दोन्ही वेळा कुठलाही एरर येत नाही.

मीसुद्धा एका मुलीला हेच सांगितलं होतं, कंस लाव, बस. प्रॅक्टिकलला तिला अंकांची बेरीज आली. पुस्तकातला प्रोग्राम तिने पाठ केलेला, शेवटच्या ओळीला कंस लावला:

```
n = 153
s = 0
while n > 0:
    s = s + n % 10
    n = n / 10
print(s)
```

उत्तर 9 यायला हवं. स्क्रीनवर दहाच्या आसपासची दशांश संख्या. कारण 153 ला 10 ने भागल्यावर 15 नाही, 15.3 उरतात, त्याची बाकी 5.3, मग 1.53, मग 0.153, आणि n शून्य व्हायचं नावच घेत नाही, शेवटी आकडा इतका बारीक होतो की कॉम्प्युटरला तो साठवता येत नाही तेव्हा कुठे तो शून्य होतो, तीनशेच्या वर फेऱ्या मारून. डोळ्यांना मात्र प्रोग्राम लगेच संपलेला दिसतो. परीक्षकांनी विचारलं, अंकांच्या बेरजेत दशांश कुठून आला? ती गप्प. बाहेर येऊन मला म्हणाली, "सर, तुम्हीच म्हणालात ना कंस लावला की झालं."

मी तेव्हा म्हटलं, अगं, उत्तर एकदा हातानं ताळून बघायचं ना. खरं होतं ते, पण चूक माझीच होती. एरर गेला म्हणजे प्रोग्राम बरोबर, असं मीच धरून चाललो होतो. इथे `n // 10` हवं होतं, त्याने 15.3 ऐवजी 15 च येतात. हे चिन्ह पायथन २.२ पासून, म्हणजे २००१ पासून आहे, पुस्तक लिहिणाऱ्याला वापरता आलं असतं, आणि मलाही सांगता आलं असतं.

मग सगळीकडे / चं // करून टाकू का, हा तुमचा पुढचा प्रश्न. नका करू. त्याच पुस्तकात सरासरीला `total / 3.0` असतं, तिथे 215 गुणांची सरासरी 71.67 च्या आसपास येते, // केलंत तर 71.0. प्रत्येक / पाशी थांबून बघावं लागतं की इथे पूर्णांक हवाय की दशांश, आणि उत्तर आधी कागदावर काढून ठेवावं लागतं.

पुस्तक टाकून द्या असं मी अजून म्हणत नाही, लूप त्यात फार छान समजावलेत. पण नवीन मुलाच्या हातात ते द्यावं का, हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.