पहिला मजकूर कुठे जातो?

व्हॉट्सॲपवर मे २०२३पासून पाठवलेला मेसेज दुरुस्त करता येतो. मेसेजवर बोट दाबून धरायचं, ‘एडिट’ निवडायचं, हवा तो शब्द बदलायचा आणि बरोबरची खूण दाबायची. मुदत पंधरा मिनिटांची. सोळाव्या मिनिटाला तोच पर्याय शोधत बसलं तर तो दिसतच नाही. मग उरतं ते फक्त ‘सर्वांसाठी डिलीट’. त्याची मुदत दोन दिवसांहून जास्त, म्हणजे भलतीच उदार. जणू कंपनीचं म्हणणं असं की, शब्द बदलायचा तर लगेच बदला, तोंडच फिरवायचं असेल तर सावकाश फिरवा.

या सोयीबद्दल लोकांची एक गोड समजूत आहे. मेसेज दुरुस्त केला की जुना मजकूर परत बोलावला जातो आणि त्याच्या जागी नवा जातो, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात पहिला मजकूर कधीच परत येत नाही. तो कुलूपबंद होऊन समोरच्याच्या फोनवर पोचलेला असतो, आणि मधल्या सर्व्हरला तो वाचताही येत नाही, मग बदलणार कुठून? दुरुस्ती म्हणजे खरं तर दुसरा एक मेसेज. तो समोरच्या फोनला एवढंच सांगतो, ‘मघाचा अमुक मेसेज आहे ना, त्यात आता हे दाखव.’ फोन आज्ञाधारक असतो, तो तसं करतो. मेसेज वाचून झालेल्या माणसाला मात्र कुणी काही सांगत नाही, कारण दुरुस्तीची नवी सूचना वाजत नाही.

ही गंमत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फार नीट बघायला मिळाली. सेक्रेटरी काकांनी रात्री ९:१०ला टाकलं, ‘उद्या मंगळवारी टाकी धुणार आहेत. सकाळी १० ते १ पाणी बंद.’ पाचच मिनिटांत दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्याच मेसेजला रिप्लाय दिला, ‘मंगळवारी आमच्याकडे पूजा आहे, असं आयत्या वेळी काय सांगता!’ तेवढ्यात काकांच्या घरातून आवाज आला असावा, ‘अहो, बुधवारी ना?’ ९:१८ला काकांनी मेसेज उघडला आणि ‘उद्या मंगळवारी’ पुसून ‘परवा बुधवारी’ केलं. मेसेजच्या कडेला बारीक अक्षरात ‘एडिटेड’ उमटलं. काका निश्चिंत झोपले.

आता ग्रुप उशिरा उघडणाऱ्यांना काय दिसलं बघा. वर सेक्रेटरींचा मेसेज, त्यात बुधवार. त्याच्या शेजारी वेळ मात्र ९:१०च, कारण तिथे मेसेज पाठवल्याची वेळ असते, बदलल्याची नव्हे. खाली काकूंचा रिप्लाय, आणि त्या रिप्लायच्या डोक्यावर जी राखाडी चौकट येते, तिच्यात मंगळवार! कारण रिप्लाय देताना मूळ मजकुराचा तुकडा त्या रिप्लायबरोबरच जातो. वरचा मेसेज बदलला म्हणून खालचा तुकडा बदलत नाही. एकाच पडद्यावर दोन वार. निम्म्या मंडळींना वाटलं काकूंनी चष्मा न लावता वाचलं, उरलेल्यांना वाटलं काका नेहमीसारखा घोळ घालताहेत. काकूंनी तोवर तो मेसेज आपल्या कामवाल्या बाईंना फॉरवर्ड केला होता. फॉरवर्ड ही वेगळी प्रत, तिच्यापर्यंत काकांची दुरुस्ती पोचण्याचं कारणच नाही. आणि ज्यांनी फोन न उघडता वरच्या पट्टीवरच ‘मंगळवारी… पाणी बंद’ एवढं वाचलं, त्यांचा तर विषयच संपला होता. मंगळवारी सकाळी अर्ध्या इमारतीत बादल्या, पातेली, पिंप भरून ठेवलेली, आणि नळाला धो धो पाणी.

काकूंच्या मुलाने मग आपल्या अँड्रॉइड फोनवर पुरावाच काढला. सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सच्या खाली ‘नोटिफिकेशन हिस्टरी’ असते. अँड्रॉइड ११पासून आली, आपण सुरू करून ठेवली तरच चालते, आणि साधारण गेल्या २४ तासांत आलेल्या सूचना दाखवते. त्यात ९:१०ची सूचना जशीच्या तशी होती, मंगळवारासकट. काका म्हणाले, ‘अरे, मी तर बदललं होतं!’ बदललं होतंच की. पण बदल फक्त एका चौकटीत झाला होता.

माझ्या मते अशा वेळी करायची गोष्ट अगदी साधी आहे. दुरुस्त करण्याआधी आपल्याच मेसेजवर बोट दाबून ‘इन्फो’ बघावं. कुणाकडे पोचलं, कुणी वाचलं, किती वाजता वाचलं, ते ग्रुपमध्येही दिसतं. वरच्या पट्टीवर वाचणारे मात्र तिथे ‘वाचलं’मध्ये येत नाहीत. कुणाकडेच पोचलं नसेल तर खुशाल बदला. कुणाकडे पोचलं असेल, आणि चूक वाराची, वेळेची किंवा रकमेची असेल, तर बदला आणि शिवाय खाली नवा मेसेज टाका, ‘मंगळवार नव्हे, बुधवार.’ तो नवा मेसेज वाजतो, आणि काम तोच करतो. एडिटची खरी जागा ऱ्हस्व-दीर्घापुरती, किंवा कीबोर्डने ‘सासूबाई’चं भलतंच काही करून ठेवलं असेल तेव्हाची.

तरी ‘एडिटेड’ या शिक्क्याची मला मौज वाटते. मोठ्या मजकुराखाली तो निरुपद्रवी असतो, कुणी बघतही नाही. पण नुसतं ‘बरं’ असं लिहिलेलं असावं आणि शेजारी ‘एडिटेड’ असावं, की झोप उडते. ‘बरं’च्या आधी काय होतं? व्हॉट्सॲप सांगत नाही. शिक्का फक्त एवढंच म्हणतो की इथे काहीतरी वेगळं होतं. टायपिंगची चूक होती की चार ओळींचा संताप, दोन्हींचा शिक्का सारखाच. टेलिग्रामचंही तसंच, जुना मजकूर तिथेही दिसत नाही, आणि मुदत तर ४८ तासांची, म्हणजे भांडून, झोपून उठून, चहा घेऊन बदलता येतं.

ॲपलने उलटा मार्ग धरला. २०२२च्या आयओएस १६पासून आयमेसेजमध्ये पंधरा मिनिटांत पाच वेळा बदल करता येतो, पण समोरच्याने ‘एडिटेड’वर बोट टेकवलं की आधीचे सगळे मसुदे एकाखाली एक उलगडतात. सिग्नलही जुने मसुदे दाखवतो. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं. शिक्का मारायचाच तर खालचं कागदपत्रही दाखवा.

अर्थात पाठवणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं. माझ्या भाचीच्या ऑफिसात तिला आणि साहेबांना आयफोन दिलेले, दोघांचं बोलणं आयमेसेजवर चालतं. एका शुक्रवारी रात्री साहेबांचा फार अदबीचा निरोप आला, ‘उद्या थोडा वेळ येऊ शकाल का? जमलं तरच.’ तिने शिक्क्यावर बोट टेकवलं. त्याआधीचा मसुदा होता, ‘उद्या या.’ आणि त्याच्याही आधीचा, ‘उद्या सुट्टी नाहीये कळलं ना.’ तिने उत्तर दिलं, ‘जमणार नाही सर.’ मग दोन मिनिटांनी ते दुरुस्त करून ‘क्षमस्व, जमणार नाही सर’ केलं, पहिलं त्यांनाही वाचता यावं म्हणून.