छपराची वही : कोणी, काय आणि का ठरवले

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातील आमच्या सामाईक घराची जवळजवळ सगळी कौले उडाली आणि माजघरावरचे वासे मोडले. घराचे हिस्सेदार चार : गावी राहणारा चुलतभाऊ दादा, डोंबिवलीचे काका, पुण्याची आत्तेबहीण आणि मी. टाळेबंदीमुळे आम्हा तिघांना लगेच गावी पोहोचता आले नाही, गावात कित्येक दिवस वीज नव्हती आणि फोनही लागत नव्हते. पाऊस तोंडावर आलेला असल्याने दादाने मिळतील ते पत्रे आणून छप्पर झाकले. फोन लागू लागल्यावर मी एक वही केली आणि पहिली नोंद लिहिली : ‘सर्वानुमते पत्रे घालण्याचे ठरले.’

ती नोंद खरी नव्हती. निर्णय एकट्या दादाचा होता, आणि त्या परिस्थितीत तो योग्यही होता. पण मी ‘सर्वानुमते’ लिहिल्यामुळे पुढच्याच महिन्यात बहिणीने विचारले की तिची संमती कोणी आणि कधी घेतली. माझ्याकडे उत्तर नव्हते. दादाचे म्हणणे होते की ते पान फाडून कारणांसह नवे लिहावे. मी ते केले नाही, कारण एक पान बदलले की उरलेल्या वहीवरचाही विश्वास जातो. त्याऐवजी मी त्या दिवसाच्या तारखेने नवी नोंद केली, तिच्यात दादाने सांगितलेली कारणे ‘नंतर सांगितलेली’ असे स्पष्ट म्हणून लिहिली, आणि जुन्या नोंदीपुढे फक्त नव्या नोंदीचा क्रमांक टाकला.

कायमचे छप्पर करायची वेळ डिसेंबरात आली, आणि तोपर्यंत मी लिहिण्याची पद्धत बदलली होती. फोनवर जे बोलणे होई ते मी त्याच दिवशी चौघांना व्हॉट्सॲपवर लिहून पाठवत असे, सात दिवसांत लेखी उत्तर मागत असे, आणि उत्तर आले नाही तर वहीत ‘उत्तर नाही’ असेच लिहीत असे. गप्प राहणे म्हणजे होकार, असे मी धरले नाही. त्या महिन्यातली मुख्य नोंद अशी होती :

‘नोंद १४. प्रश्न : लाकडी सांगाडा की लोखंडी? सुताराचा अंदाज ४ लाख १० हजार, वेल्डिंगवाल्याचा २ लाख ६० हजार. दादा, बहीण आणि मी लोखंडीच्या बाजूने. कारण चौघांची जमलेली वर्गणी ३ लाख आहे आणि जुन्या वाशांना वाळवी लागलेली आढळली. काकांचा विरोध : खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजेल. अट : जोडांना दर दोन वर्षांनी गंजरोधक रंग द्यावा.’

काकांचा विरोध त्यांच्याच शब्दांत लिहायला मला पाऊण तास फोनवर घालवावा लागला. हा वेळ सर्वांत उपयोगी पडला, असे मी आज म्हणेन, कारण ज्याचे म्हणणे मान्य झाले नाही त्याला निदान ते नीट नोंदले गेल्याचे दिसते.

२०२४ च्या पावसाळ्यात माजघरात पाणी ठिबकू लागले. जस्ताचा थर दिलेल्या नळ्यांवर वेल्डिंग केले की जोडापाशी तो थर जळून जातो. आमचा गंज नेमका तिथूनच सुरू झाला होता. काकांच्या मुलाने दादावर आरोप केला की पैसे वाचवण्यासाठी त्याने परस्पर स्वस्तातले काम करून घेतले. गणपतीला सगळे जमले तेव्हा मी नोंद १४ वाचून दाखवली. निर्णय तिघांचा होता, दोन्ही अंदाजांचे कागद वहीला जोडलेले होते आणि विरोधही लिहिलेला होता, त्यामुळे दादावरचा आरोप तिथेच मिटला. काका मुलाला एवढेच म्हणाले, ‘‘मी तेव्हा हेच बोललो होतो, आणि ते लिहिलेलं आहे.’’

परंतु त्याच वाचनात माझी चूकही उघडी पडली. रंग द्यावा असे मी लिहिले होते. तो कोणी द्यायचा आणि खर्च कोणाचा, हे लिहिले नव्हते. चार वर्षांत एकदाही रंग लागला नव्हता, आणि चौघांपैकी प्रत्येकाला ते काम दुसऱ्याचे वाटत होते. त्या दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा, याचे उत्तर वहीत नव्हते. ते आम्हाला नव्याने ठरवावे लागले, आणि दोन दिवस वाद झाला.

शेवटी नोंद ३१ झाली : जोड घासून जस्तयुक्त रंग द्यायचा, काम दादाने मे महिन्यात करून घ्यायचे, खर्च चार सारख्या हिश्शांत, आणि काम झाल्याचा फोटो तारखेसह चौघांना पाठवायचा. खाली चौघांच्या सह्या आहेत. नोंद १४ मध्ये मी एकही शब्द बदललेला नाही. समासात फक्त ‘पाहा नोंद ३१’ असे लिहिले आहे.