शिरशिरी, गुदगुल्या वगैरे

अडीच वर्षांचा भाचा दुपारी मोरीत सू करायला उभा होता, मी त्याची चड्डी धरून. काम संपता संपता त्याच्या मानेपासून पायापर्यंत एक शिरशिरी गेली. तो दचकून माझ्याकडे बघायला लागला, जणू मीच काहीतरी केलं. मला हसू आवरेना. कारण फिलिपिन्सच्या तागालोग भाषेत या शिरशिरीला ‘किलिग’ म्हणतात, आणि आवडत्या माणसाने चुकून हात धरला तर अंगात जे होतं त्यालाही किलिगच.

हा शब्द मी शिकले दुबईत, 2015 साली. आमच्या रिसेप्शनवरची फिलिपिनो मैत्रीण रोज सकाळी टेबलाखाली मोबाइल धरून बसायची. मनिलात दुपारचे बारा म्हणजे आमचे आठ, आणि तिकडे टीव्हीवर ‘ईट बुलागा’ हा दुपारचा करमणुकीचा कार्यक्रम सुरू झालेला असायचा. त्यात आल्डेन रिचर्ड्स हा नट स्टुडिओत, मेन मेंडोझा कुठल्यातरी वस्तीत, आणि पडद्यावर दोघांचे दोन चौकोन शेजारी शेजारी. ती ‘याया डब’, म्हणजे घरातली आया. स्वतः बोलायची नाही, नुसते ध्वनिमुद्रित संवादांवर ओठ हलवायची. चेहरा कायम कोरा. 16 जुलैला पडद्यावर आल्डेन दिसला आणि तिला खुदकन हसू फुटलं. एवढंच. पण त्या एका हसण्यावर देश वेडा झाला.

पुढे कितीतरी दिवस ती दोघं चिठ्ठ्या लिहून कॅमेऱ्यापुढे धरायची, आणि लोला निदोरा नावाची आजी (लुगड्याआड आपला एक विनोदी नट!) त्यांना बजावायची, ‘सा तामांग पानाहोन’. योग्य वेळ आली की. एकदा तर दोघं समोरासमोर येणार तेवढ्यात मध्ये चक्क प्लायवुडची भिंत. मैत्रीण किंचाळून माझ्या दंडावर चापट मारायची. “किनिकिलिग आको!”

“पण तुला काय झालं? प्रेम त्यांचं,” मी म्हणायचे.

तिला प्रश्नच कळायचा नाही. किलिग बघणाऱ्यालाही होतं, त्यात काय विचारायचं? इंग्रजी इथेच अडखळतं. त्यांची पोटातली फुलपाखरं ज्याची त्याची, शिवाय परीक्षेच्या आधीही तीच उडतात. थ्रिल तर भुताच्या सिनेमातही मिळतं. व्याकरणही बघा. ताप म्हणजे लाग्नात, ताप आला की ‘निलालाग्नात आको’. झोप आली की ‘इनाआंतोक आको’. त्याच साच्यात ‘किनिकिलिग आको’. म्हणजे किलिग आपण करत नाही, ते तापासारखं, झोपेसारखं येतं. मला लगेच पटलं. आपल्यालाही शहारा येतोच की, आणतो कोण? शेवटी 2016 मध्ये ऑक्सफर्डच्या शब्दकोशाने तो शब्द जसाच्या तसा उचलला. शहाणपणा केला.

आपल्याकडे तरी नेमका शब्द कुठे आहे? रोमांच जरा पुस्तकी. मोहरणं सुंदर, पण ते एकटीनं, झाडासारखं. गुदगुल्या जवळ जातात. पण दुसऱ्याचं बघून सगळ्या बायकांना मिळून जे होतं ते मी पाहिलंय. संक्रांतीचं हळदीकुंकू, सत्तरीची आजी, आणि शेजारणी हट्टाला पेटलेल्या की उखाणा घ्याच. आजी आजोबांना आयुष्यभर ‘अहो’ सुद्धा म्हणाली नव्हती, नुसतं ‘ऐकलं का’. तिने पदराचं टोक बोटाला तीनदा गुंडाळलं, सोडलं, आणि यमक न जुळलेल्या एका ओळीत नाव घेतलं. खोलीभर ‘अय्या’ उठलं. बाहेर ओसरीवर आजोबांच्या हातातला पेपर बराच वेळ त्याच पानावर होता. आणि तिळगुळाचा डबा हातात धरून दाराआड उभ्या असलेल्या मला, वय वर्षं नऊ, उगाचच कसंतरी झालं. सू न करताच.

2015 च्याच 24 ऑक्टोबरला फिलिपिन अरेनात आल्डेन आणि मेन एकाच मंचावर आली. मधली रेघ गेली. एका दिवसात त्यावर चार कोटींहून जास्त ट्वीट झाले. त्यातले निदान पन्नास आमच्या रिसेप्शनवरून गेले असावेत. मैत्रीण हसत होती आणि रडतही होती, मस्कारा गालावर.

डोळे पुसून तिने नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. तो सेबूला, पोरं त्याच्याजवळ, आणि ती दोन वर्षं घरी गेली नव्हती. मी फाइल मागायला वाकले तेव्हा मोबाइलवर दोन चौकोन दिसले, एकात तो, एकात ती. तो काहीतरी म्हणाला, ती लाजली. मी फाइल न घेताच परत आले.