रात्री 11:40 चा भाव

दिवाळीनंतरचा मंगळवार, 5 नोव्हेंबर 2024. ऑफिसात निम्मे लोक अजून गावाहून परतायचे होते आणि साडेनऊच्या आत जळगावहून फोन आला. आमच्याकडून रोज रात्री एमसीएक्स या कमोडिटी वायदेबाजाराचे बंद भाव घेणाऱ्या एका सराफी पेढीचे हिशेबनीस बोलत होते. "भाऊ, कालचा तुमचा सोन्याचा भाव ब्रोकरच्या स्टेटमेंटशी जुळत नाहीये. चांदीचाही नाही. बघा जरा."

फरक दिसायला किरकोळ होता. पण एमसीएक्सवर सोन्याचा मोठा लॉट एक किलोचा असतो आणि भाव बोलला जातो दहा ग्रॅमचा. म्हणजे भावात एक रुपया इकडेतिकडे झाला की लॉटमागे शंभर रुपयांचा फरक पडतो. पेढी दुकानातल्या मालावर वायद्यात हेज घेऊन बसलेली असते, तिचा रोजचा मार्क-टू-मार्केट हिशेब याच आकड्यावर चालतो. तेव्हा "किरकोळ" म्हणून सोडून देण्यासारखं काही नव्हतं.

आमची व्यवस्था तशी साधी. एक्स्चेंजची दिवसाच्या भावांची अधिकृत फाइल, म्हणजे भावकॉपी, यायला वेळ लागतो आणि ग्राहकांना आकडा त्याच रात्री हवा असतो. म्हणून बाजार बंद झाल्यावर दहा मिनिटांनी आम्ही व्हेंडरच्या फीडमधून शेवटचा भाव उचलतो, फाइल बनवतो आणि पाठवतो. बाजार साडेअकराला बंद, म्हणून जॉब 11:40 ला. सर्व्हर यूटीसीवर चालतो. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा केले की 18:10, आणि क्रॉनमध्ये एप्रिलपासून हीच ओळ बसलेली होती:

```
10 18 * * 1-5  /opt/eod/pull.sh
```

आधी मी लॉग उघडला. जॉब ठरल्या वेळी सुटला होता, एक्झिट कोड शून्य, ओळींची संख्या रोजच्याइतकीच. सर्व्हरचं घड्याळ भरकटलं असेल म्हणून `timedatectl` बघितलं, ते चोख होतं. टीममधल्या एकाने व्हेंडरला मेल लिहायलाही घेतला. आपल्याकडे फाइल चुकली की पहिला संशय व्हेंडरवरच जातो. त्याला म्हटलं, जरा थांब, आधी कच्ची फाइल बघू.

फीडच्या प्रत्येक ओळीत शेवटचा सौदा किती वाजता झाला ती वेळ असते. आमच्या फाइलमध्ये हा कॉलम पुढे जात नव्हता, कच्च्या फाइलमध्ये मात्र होता. सोन्यापुढे वेळ होती 23:39:58, चांदीपुढे 23:39:59, क्रूडपुढेही तसंच. बाजार साडेअकराला बंद झाला असेल तर 11:39 ला सौदा कसा होईल? ऑक्टोबरमधली एक फाइल शेजारी उघडली. तिथे सगळ्या वेळा 23:29 च्या आसपास थांबलेल्या. भावकॉपीत सोमवारी झालेली उलाढालही आमच्या फाइलपेक्षा जास्त होती. याचा अर्थ एकच निघत होता. आम्ही भाव उचलला तेव्हा बाजार चालू होता.

खुलासा केला आमच्याच मजल्यावर बसणाऱ्या एका जुन्या कमोडिटी डीलरने. स्क्रीनवरच्या वेळा बघून ते हसलेच. "अहो, रविवारी अमेरिकेने घड्याळं मागे घेतली ना! आता मार्चपर्यंत एमसीएक्स अकरा पंचावन्नपर्यंत. दरवर्षी सर्क्युलर निघतं."

खोलीत सगळ्यांनाच हे विचित्र वाटलं. भारतात घड्याळं बदलत नाहीत, एक्स्चेंज मुंबईतलं, भाव रुपयांत. डेलाइट सेव्हिंगशी आपला संबंधच काय, असं आम्ही धरून चाललो होतो. पण सोनं, चांदी, क्रूड, तांबं यांचे भाव जगाच्या बाजारात ठरतात. सोनं आणि क्रूडसाठी न्यूयॉर्कचे कोमेक्स आणि नायमेक्स मोठे. तिथली दुपार पुढेमागे सरकली की इथली वायद्याची रात्रही सरकते. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. 2024 मध्ये ते रविवार होते 10 मार्च आणि 3 नोव्हेंबर. आमचा जॉब एप्रिलमध्ये लागला, म्हणजे त्याने फक्त उन्हाळी वेळ पाहिली होती. उलट्या बाजूची चूक झाली असती तर कुणाला कळलंही नसतं. हिवाळ्याच्या वेळेवर लावलेला जॉब मार्चनंतर पंचवीस मिनिटं उशिरा भाव उचलतो इतकंच, भाव बरोबरच येतो. घोळ होतो तो फक्त नोव्हेंबरमध्ये, आणि तोही आवाज न करता.

आमच्यातल्या सगळ्यात तरुण मुलाने लगेच उपाय सुचवला. बाजार न्यूयॉर्कच्या घड्याळाने चालतो ना, मग क्रॉनही न्यूयॉर्कच्या घड्याळाने चालवू. उन्हाळ्यात भारतातले 11:40 म्हणजे न्यूयॉर्कचे दुपारचे 2:10.

```
CRON_TZ=America/New_York
10 14 * * 1-5  /opt/eod/pull.sh
```

त्याच्या लॅपटॉपवर फेडोरा आहे. वेळ बदलून त्याने तिथे करून बघितलं, जॉब बरोबर न्यूयॉर्कच्या वेळेला सुटला. मग टेस्ट सर्व्हरवर लावलं आणि आम्ही इतर कामाला लागलो. संध्याकाळी 7:40 ला टेस्ट सर्व्हरने "बंद भाव" पाठवले! बाजार बंद व्हायला चार तास बाकी होते.

त्याचं कारण असं, की फेडोरावर क्रोनी नावाचा क्रॉन असतो आणि त्याला `CRON_TZ` कळतो. आमच्या सर्व्हरवर उबंटू 22.04 आहे, तिथला क्रॉन डेबियनकडून आलेला. तो जॉब कधी सोडायचा हे सिस्टिमच्याच टाइमझोनवरून ठरवतो. क्रॉनटॅबमध्ये टाइमझोन लिहिलात तर तो नुसता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून आतल्या कमांडपर्यंत पोचतो. सर्व्हर यूटीसीवर, म्हणून जॉब 14:10 यूटीसीला सुटला. ना एरर, ना इशारा. हे `man 5 crontab` च्या शेवटी स्पष्ट लिहिलेलं आहे, पण त्या पानाच्या शेवटापर्यंत कोण जातो?

आणि समजा तो क्रॉन ऐकणारा असता, तरी उत्तर चुकलेलंच होतं. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे दुपारचे 2:10 म्हणजे आपल्याकडे रात्रीचे 12:40. बाजार तोवर बंद झालेला असतो, भाव बरोबर मिळतो, पण तारीख उलटलेली असते. फाइलचं नाव आमची स्क्रिप्ट भारतीय तारखेवरून ठरवायची. सोमवारचा भाव मंगळवारच्या नावाने गेला असता आणि शुक्रवारचा शनिवारच्या.

मूळ गोम त्याही पुढची आहे. न्यूयॉर्कचं घड्याळ साठ मिनिटं सरकतं, एमसीएक्स मात्र पंचवीसच मिनिटं सरकतं. साडेअकरात तास मिळवला तर साडेबारा वाजतात, आणि आपल्याकडे कमोडिटीचा दिवस मध्यरात्रीच्या आत, 11:55 ला संपवतात. त्यामुळे जगातला कुठलाच टाइमझोन या बाजाराच्या बंद वेळेशी जुळत नाही. `Asia/Kolkata` धरलं तर नोव्हेंबरमध्ये चुकतं, `America/New_York` धरलं तर तारीख हुकते. बंद वेळ भारतीय घड्याळातच लिहायची, आणि दोनपैकी कुठली घ्यायची ते न्यूयॉर्ककडे बघून ठरवायचं. इतकं कागदावर मांडल्यावर कोड लहानसाच निघाला:

```python
from datetime import datetime, time
from zoneinfo import ZoneInfo

IST = ZoneInfo("Asia/Kolkata")
NY = ZoneInfo("America/New_York")

def mcx_close(d):
    noon = datetime.combine(d, time(12), tzinfo=NY)
    t = time(23, 30) if noon.dst() else time(23, 55)
    return datetime.combine(d, t, tzinfo=IST)
```

दुपारचे बारा घेतलेत ते मुद्दाम. घड्याळ बदलतं रविवारी पहाटे दोनला, त्या तासाच्या जवळपास कुठलीही वेळ तपासायला घेऊ नये. एक वेळ दोनदा येते किंवा येतच नाही. बाराला असला प्रश्न नसतो.

क्रॉन आम्ही साध्या यूटीसीवरच ठेवला, पण जॉब दोन वेळा सुटतो, 18:10 ला आणि 18:35 ला. स्क्रिप्ट आधी यूटीसीच्या तारखेवरून त्या दिवसाची बंद वेळ काढते, आणि फाइलचं नावही आता त्याच तारखेवरून ठरवते. बाजार अजून चालू असेल किंवा फाइल आधीच गेली असेल तर गुपचूप बाहेर पडते. जॉब कधी सोडायचा हे क्रॉनकडे, फाइल पाठवायची की नाही हे स्क्रिप्टकडे, अशी वाटणी झाली. यूटीसीमध्ये लिहिण्याचा एक फायदा असा, की 18:35 ला आपल्याकडे बारा वाजून पाच मिनिटं झालेली असली तरी यूटीसीची तारीख तीच राहते आणि सोमवार ते शुक्रवार हे वारही जागेवर राहतात.

डीलरसाहेबांनी यावरही बोट ठेवलं. "हे तुमचं गणित ठीक, पण वेळ ठरवतं एक्स्चेंज. उद्या सर्क्युलरमध्ये वेगळं आलं तर?" मुद्दा बिनतोड होता. 2022 मध्ये अमेरिकेच्या सिनेटने वर्षभर उन्हाळी वेळच ठेवायचं विधेयक मंजूर केलं होतं. त्याचा कायदा झाला नाही, पण कधी झालाच तर सर्व्हरवरचं `tzdata` पॅकेज अद्ययावत होईपर्यंत आमचं फंक्शन जुनंच उत्तर देत राहील. शिवाय लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताच्या सौद्यांची वेळ तर कुठल्याच सूत्रात बसत नाही. म्हणून सर्क्युलरमधल्या वेळांचा एक छोटा तक्ता तारखेनिशी ठेवला. तारीख तक्त्यात असेल तर तक्त्याचं ऐकायचं, नसेल तर फंक्शनचं. दोघांचं जुळलं नाही तर आम्हाला मेसेज येतो.

शेवटची तपासणी मात्र घड्याळावर सोडलेली नाही. सोन्याच्या सगळ्यात चालत्या वायद्याचा शेवटचा सौदा बंद वेळेच्या आधीच्या दोन मिनिटांतला असला पाहिजे, आणि बंद वेळेनंतरचा एकही नको. आधीचा असेल तर फीड अडकलाय, नंतरचा असेल तर आपली बंद वेळ चुकलीय. 4 नोव्हेंबरची कच्ची फाइल आम्ही या तपासणीतून काढून बघितली. जुनी बंद वेळ दिली तर दुसऱ्या अटीवर लगेच अडकली. ही एक अट एप्रिलपासून असती तर जळगावचा फोन यायच्या आत आम्हाला कळलं असतं.

हे सगळं चालू असताना दुसऱ्या एका जॉबकडे लक्ष गेलं. काही ग्राहकांना एमसीएक्सच्या सोन्याबरोबर कोमेक्सचा सेटलमेंट भावही लागतो. तो न्यूयॉर्कच्या दुपारी दीडला ठरतो. उन्हाळ्यात तो आपल्याकडे रात्री अकराला येतो, एमसीएक्स बंद व्हायच्या आधी. हिवाळ्यात बारा वाजता, एमसीएक्स बंद झाल्यावर. या जॉबला न्यूयॉर्कचं घड्याळच हवं होतं, पूर्ण साठ मिनिटं सरकणारं. तो क्रॉनमधून काढून सिस्टिमडीच्या टायमरवर नेला, कारण तिथे टाइमझोन ओळीतच लिहिता येतो आणि तो पाळलाही जातो:

```
OnCalendar=Mon..Fri 13:45 America/New_York
```

लावण्याआधी हीच वेळ `systemd-analyze calendar` ला दिली की पुढचा फेरा यूटीसीमध्ये कधी ते छापून मिळतं. त्याने 18:45 दाखवलं, म्हणजे आपले सव्वाबारा. मग फाइलच्या नावातली तारीखही भारतीय न ठेवता न्यूयॉर्कची केली, आणि दोन्ही भाव एका कागदावर आणणारा रिपोर्ट हिवाळ्यापुरता मध्यरात्रीनंतर ढकलला. जळगावच्या हिशेबनिसांना सोमवारची दुरुस्त फाइल त्याच दुपारी गेली होती. त्यांनी भाव जुळवून पाहिले आणि विचारलं, "मग आता मार्चपर्यंत फाइल पंचवीस मिनिटं उशिराच येणार का, भाऊ?" हो म्हटल्यावर त्यांनी रात्रपाळीच्या माणसाची सुटायची वेळ बदलून घेतली.